विलंबाचं कारण

देवाजी गेले, तरी जैनथच्या मुलींच्या वसतिगृहात अध्यक्ष म्हणून त्यांचंच नाव राहिलं. वर्षाचं पुण्यानुमोदन, म्हणजे पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम, होईपर्यंत त्या जागी दुसरं नाव लागणार नाही, असं त्यांच्या पत्नीनं, चंद्रभागाबाईंनी सांगितलं आणि बाकीच्या विश्वस्तांनी माना डोलावल्या. मेलेल्या माणसाचा मान राखायला पदरचं काही जात नाही, म्हणून लोक तो हौसेनं राखतात.

इन्कम टॅक्सवाल्यांना पुण्यानुमोदन कळत नाही. ट्रस्टची करमाफी टिकवायची तर दरवर्षी सीएकडून हिशेब तपासून घ्यायचे, त्यानं अहवाल पोर्टलवर चढवायचा आणि ट्रस्टच्या अधिकृत माणसानं तो तिथं स्वीकारायचा. स्वीकारला नाही, तर तो भरलाच नाही असं धरतात. अधिकृत माणूस होते देवाजी. ओटीपी त्यांच्या मोबाईलवर जायचा आणि ते सिम कधीच बंद पडलं होतं.

हे भाग्यश्रीला पक्कं ठाऊक होतं. ती अनाथ. सहावीपासून याच वसतिगृहात वाढली, बी.कॉम. झाली आणि इथंच हिशेब लिहायला राहिली. चंद्रभागाबाईंना ती माय म्हणायची.

"माय, एक ठराव करा ना. कोणाचंबी नाव टाका. अहवाल चढून आहे, स्वीकारणारा कोणी नाही. तारीख निंगून जाईन."

"वर्ष भरू दे. त्यायचं नाव काढाची तुले एवढी घाई काऊन झाली?"

भाग्यश्री मग मायच्या मुलाकडे गेली. अमरदीप शाळेत शिक्षक, ट्रस्टचा सचिव. त्याला अध्यक्ष व्हायचंच होतं, पण वर्षाच्या कार्यक्रमात, मंडपात, हार घालून.

"करून राह्यलो ना आमी," तो म्हणाला. "तू हिशेब पाय. ठरावाचं आमी पाहू."

तारीख गेली. सरकारनं मुदत वाढवली, तीही गेली. मग पुण्यानुमोदन थाटात झालं, दोन गावं जेवली, अमरदीप अध्यक्ष झाला. त्याच आठवड्यात त्यानं अहवाल स्वीकारला, विवरणपत्रही वेळेत भरलं आणि सगळं मार्गी लागलं म्हणून पेढे वाटले.

काही महिन्यांनी नोटीस आली. अहवाल मुदतीत नाही, सूट नामंजूर. झालेला खर्च न धरता वर्षभराच्या सगळ्या देणग्यांवर कर. त्या देणग्यांचं अन्न मुली केव्हाच जेवून बसल्या होत्या. कर भरायचा तर वसतिगृहाला कुलूप लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आदिलाबादचे सीए पंकज यांच्यासमोर तिघं बसली. पंकज म्हणाले, "हैदराबादला आयुक्तांकडे विलंबमाफीचा अर्ज करता येतो. पण कारण पटलं पाहिजे. विश्वस्तांना माहीत होतं आणि तरी ठराव केला नाही, असं लिहिलं तर ते म्हणतील, हा विलंब नाही, हट्ट आहे."

"मंग?" अमरदीपनं विचारलं.

"कारकुनाची चूक चालते. कारकुनानं विश्वस्तांना सांगितलंच नाही, असं."

खोलीत एकच कारकून होती. तिनं मायकडे पाहिलं.

"लिही ना बाई," माय म्हणाली. "तू तं घरचीच हाये. चाळीस पोरी रस्त्यावर येतीन."

भाग्यश्रीनं लिहिलं. असा अर्ज लिहिता येणारं दुसरं कुणी त्या ट्रस्टमध्ये नव्हतंच. मग पंकज म्हणाले, तिच्यावर काही कारवाई केल्याचं दिसलं तर बरं. तिच्या बडतर्फीचा ठरावही तिनंच टाईप केला. अमरदीपनं वाचून 'निष्काळजीपणा'च्या आधी 'घोर' घालायला लावलं. ज्याला अध्यक्षपदाच्या हारापायी एक सही वेळेत जमली नाही, त्याला हा शब्द बरोबर सुचला. मला आजही त्या माणसाची चीड येते.

तिला खोली सोडावी लागली. बडतर्फ कारकून आवारात राहते हे कुणी वर कळवलं तर, म्हणून.

आयुक्तांनी विलंब माफ केला, सूट परत मिळाली, वसतिगृह वाचलं. अमरदीपनं पुन्हा पेढे वाटले. भाग्यश्रीला ते भीमपूरला मैत्रिणीच्या घरी व्हॉट्सअ‍ॅपवर दिसले. तिला मनापासून आनंद झाला, अशी ही खुळी पोर.

बाजारहत्नूरच्या एका संस्थेत हिशेबनिसाची जागा निघाली. मुलाखत छान झाली. संस्थेनं रीतीप्रमाणे जैनथला विचारणा केली आणि अमरदीपनं ठरावाची प्रत पाठवून दिली. जागा दुसरीला गेली.

तिनं मायला फोन केला. रडत नव्हती, नुसतं विचारत होती.

"माय, तुमाले तं सगळं माहीत हाये. त्यायले एक फोन करून खरं सांगा ना."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. संध्याकाळच्या जेवणाची वेळ होती.

"आता मी काय सांगू बाई?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "तूनंच तं लिहून देल्लं ना, तुई चूक होती म्हणून."