तीन किमती

ताईने जुनी गाडी घेण्याआधी मेस्त्री भावाला तीनच किमती विचारल्या होत्या: बंपर, हेडलाइट आणि क्लच. "उद्या काही झालं तर मला झेपेल ना, तेवढं बघ."

पार्ट्सवाला फोनवर म्हणाला होता, "गाडीचा चासी नंबर द्या, त्यावरून मॉडेल कळतं, नेमकं सांगतो." नंबर ताईकडे मागायचा, एवढंच काम. पण मेस्त्रीचे हात ग्रीसने माखलेले होते आणि अंगात कंटाळा. "साध्या मॉडेलचं सांगून टाक रे!" ताई टॉप मॉडेल बघतेय हे ठाऊक असूनही त्याने तेच आकडे तिला कळवले.

आज ती फुटलेला हेडलाइट घेऊन गॅरेजात उभी होती. बंपर आणि क्लच दोन्ही मॉडेलांना एकच, पण टॉपचा दिवा एलईडीचा. साध्याच्या सहापट महाग.

खरी किंमत सांगताना मेस्त्रीची मान खाली गेली.

"भाव वाढले असतील," ताई म्हणाली. "चूक माझीच, खांब दिसला नाही. बरं, शेजारीण गाडी घेतेय. तिला म्हटलं, आधी माझ्या भावाला विचार. तो नीट चौकशी केल्याशिवाय सांगत नाही."