खोडलेला भाऊ

अशी कल्पना करा, की दहा वर्षांची चिमी दवाखान्यातल्या छोट्या खोलीत आई आणि मामाच्या मधे बसली आहे. आईच्या कर्करोगावर उपचार चालू आहेत. तिच्या जनुक तपासणीचा नऊ पानी अहवाल समुपदेशक बाईंनी एका पानाच्या सोप्या यादीत उतरवला होता.

"दोन बदल सापडले," बाई म्हणाल्या. "पहिला बीआरसीए-टू या जनुकात. तो रोगकारक आहे, म्हणजे कर्करोगाचा धोका वाढवतो. म्हणून सख्ख्या भावानं तपासून घ्यावं. दुसऱ्याचा अर्थ अजून कुणालाच माहीत नाही. त्यासाठी घरच्यांची तपासणी नको."

"हा बायकांचा आजार," म्हणत मामानं यादीत तपासणीसाठी लिहिलेला 'भाऊ' खोडला.

"दादा, पुरुषांनाही धोका असतो," बाई म्हणाल्या. "बदल तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. असला, तर तुमच्या दोन्ही मुलींपैकी प्रत्येकीकडे जाण्याचीही निम्मी. सक्ती नाही, पण..."

"मुलींच्या जिवाला घोर नको. त्यांना कळताच कामा नये!"

"मग माझी तपासणी करा," चिमी म्हणाली.

"तू मोठी झालीस की स्वतः ठरव," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मी लहान म्हणून थांबायचं, आणि दोन्ही ताई मोठ्या असून त्यांना सांगायचंच नाही?" चिमी तडकली. "मामा, सुईला घाबरतोस होय?"

"चिमे, जीभ आवर!" मामा गरजला.

चिमीनं जीभ आवरली. मग बाईंचं पेन उचलून खोडलेल्या शब्दाच्या वर दुप्पट मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आधी मामा, मग दोन्ही ताई.'