मोडलेला नेम

शामलाने पुस्तकांचा गठ्ठा सुतळीने बांधून शेजारच्या पंचफुलाच्या हातात ठेवला, तेव्हा मार्चची परीक्षा तोंडावर आली होती.

"पूरी देऊन राहिली?" पंचफुला चकित झाली. "भूमिती भी?"

"सगळी. तुझ्या भावाले कामी पडतील."

लग्नामुळे सुटलेली मॅट्रिक ती बाहेरून देत होती. पास झाली तर नर्सिंगच्या प्रशिक्षणाला अर्ज करता येणार होता, आणि वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची संधी होती. दिवाळीनंतर तिने अभ्यासाला सुरुवात केली ती व्रतासारखी. पहाटे अंघोळ, देवापुढे दिवा, मग पुस्तक. लकडगंजातल्या त्या दोन खोल्यांत लाकूड कापणाऱ्या आरागिरण्या सुरू होण्याआधी तेवढी एकच वेळ शांत असे.

काल पहाटे गोंदियाहून नणंदेच्या घरचे लोक न कळवता आले. चहा, भाकऱ्या, पोरांचं पाणी. तिची अंघोळ झाली तेव्हा उन्हं अंगणात उतरली होती. दुपारी पाहुणे गेले, घर रिकामं झालं, भूमितीचं पुस्तक समोर होतं. तिने ते उघडलं नाही. नेम मोडला होता. आज पहाटे जाग येऊनही ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

नवरा शालिकराम हिंगण्याच्या कंपनीच्या बससाठी निघताना हसला होता. "मास्तरीणबाई, आज सुट्टी का?" तो गेल्यावर तिने सुतळी शोधली.

पंचफुला उंबरठा ओलांडणार तोच रुखमाबाई, शामलाची सासू, आडवी आली. तिने गठ्ठा पंचफुलाच्या हातातून ओढून घेतला. शामला जागच्या जागी थिजली. सुनेच्या अभ्यासाबद्दल रुखमाबाई आजवर चांगलं-वाईट काहीच बोलली नव्हती. न बोलणं म्हणजे नापसंती, असं शामलाने धरून ठेवलं होतं.

"तू जाय वं घरी," रुखमाबाई पंचफुलाला म्हणाली. मग सुनेकडे वळली. "काहून देऊन राहिली?"

"बाई, काल खंड पडला. आजही पडला."

"मंग?"

"नेम तुटला न. आता पहिल्यापासून करायले दिवस कुठं आहेत?"

"पहिल्यापासून काहून?" रुखमाबाईचा आवाज चढला. "म्या सोळा सोमवार केले. मधात बाहेर बसावं लागलं. तो सोमवार मोजला नाही, पुढचा मोजला. महादेवाले का असं सांगतलं, आता येत नाही म्हणून?"

शामला हसली नाही. तिला हसू आलंच नाही. ज्या बाईच्या देवघरात फुलाचं देठसुद्धा उलटं चालत नसे, तिच्या तोंडून ती हे ऐकत होती.

"बस इथं," रुखमाबाईने सुतळी दाताने तोडली. "काल कुठवर आली होती?"

"परवा. परवा केंद्रातला कोन."

"मंग तेच काढ. मी भाजी चिरतो."

शामलाने पाटीवर वर्तुळ काढलं. दोन दिवसांत सगळं पुसलं गेलं असणार, याची तिला खात्री होती. केंद्रावरचा कोन परिघावरच्या कोनाच्या दुप्पट असतो, हे सिद्ध करायचं होतं. तिने परिघावरच्या बिंदूपासून केंद्रातून पलीकडे रेघ ओढली. दोन समद्विभुज त्रिकोण समोर आले. बाहेरच्या कोनाची पायरी आठवेना. तिने पुस्तकात पाहिलं, झाकलं, लिहिलं. पुढचं हात आपणच लिहीत गेला.

ती पाटीकडे पाहत राहिली. पुसलं गेलं नव्हतं. एका पायरीपलीकडे काहीच गेलं नव्हतं. आणि या एका पायरीपायी ती घरातली सगळी पुस्तकं देऊन टाकायला निघाली होती. पंचफुला जरा लवकर निघाली असती तर...

मग घाईघाईने तिने तीन पुस्तकांतून कालचा धडा, आजचा धडा आणि उद्याचाही उघडून ठेवला. "आज तिन्ही करतो, बाई. जेवणार नाही."

"काल जेवली नसती तं आज तीनदा जेवली असती का?" रुखमाबाईने दोन पुस्तकं मिटली. "आजचं आज कर. राहिलेलं रविवारी पाहू, जमलं तं."

"अन् पुन्हा पाहुणे आले तं?"

"येतीलच. शालिकची बहीण हाय ते."

दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं नाही. शामला रिकाम्या बादलीपाशी उभी राहिली. तिचे पाय देवघराकडे वळले, थांबले. तिने अंघोळ केली नव्हती, दिवाही लावला नव्हता. आतून सासूचं खोकणं ऐकू आलं. शामलाने चूल पेटवली आणि तिच्या उजेडात, पारोशा अंगाने, पुढचं प्रमेय उघडलं. पहिली ओळ लिहून होईपर्यंत ती देवघराकडे वळून वळून पाहत होती.