हजेरी क्रमांक सत्तेचाळीस

"अठ्ठावीस दिन, हेमकांत. मोजी ले." हायस्कुलातल्या वर्गशिक्षक धर्मेंद्रने हजेरीपट माझ्यापुढे सरकवला. "तुन्ही पोरगी जुलैपासून वर्गमा नही. म्हणीसन तिन्हा बापले फोन कया."

पोरगी म्हणजे सीमा वसावे. आमच्या डोंगरातल्या शाळेत मी तिला पहिलीपासून सातवीपर्यंत शिकवलं होतं. सातवीत सहा मुलं, त्यांत ही पहिली. परिपाठ तिच्याशिवाय होत नसे. जूनअखेर मीच तिला अक्कलकुव्याच्या हायस्कुलात आठवीत घातलं आणि कॉलर ताठ करून घरी आलो. पहाटे सहाच्या जीपने ती निघायची, हे साऱ्या गावाला माहीत होतं. मग ही गेली कुठे?

"धर्मेंद्र, काही तरी चुकस तुन्हं."

"अडुसष्ट पोरे शेतस. मी नंबर लेस, जो बोलना तो हजर."

त्याचंही अगदीच खोटं नव्हतं. पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली दहा मिनिटं हजेरीतच जातात. तरी मी हट्टाने गणिताच्या सरांकडून घटक चाचणीचे पेपर मागवले. सीमाचा पेपर त्यात होता, वीसपैकी तीन. सातवीत याच पोरीला मी फळ्याशी उभी करून लहानांना भागाकार शिकवायला लावायचो. पेपरवर सहा ऑगस्ट तारीख होती आणि हजेरीपटावर त्याच दिवशी गैरहजेरी.

धर्मेंद्रचं तोंड उतरलं. त्याने तिच्या बाकावरच्या मंतशाला बोलावलं. अक्कलकुव्याचीच, धिटाईने बोलणारी मुलगी.

"सर, वो तो रोज आती थी. हे मागचे चार दिवसच नाही आली. सगळ्यात मागे, माझ्या बाजूला. फोर्टी सेव्हन बोललं की उभी राहायची. अठ्ठेचाळीसवाला बोलला की बसायची."

"मग तू का नही सांगं?"

"तुम्हीच बोलले ना सर, दुसऱ्याच्या हजेरीत तोंड घालायचं नाही. पहिल्या हफ्त्यात तिने चुकून थर्टी सेव्हनलाच 'हजर गुरुजी' म्हटलं होतं. सगळे हसले. गुरुजी म्हणाली म्हणून पण हसले. मग ती बोललीच नाही."

मी खुर्चीत बसलो. उभं राहणं मीच शिकवलेलं. पहिलीतली डोंगरातली मुलं मराठीला घाबरतात, तोंड उघडत नाहीत. म्हणून मी नियम केला होता, नाव घेतलं की नुसतं उभं राहायचं, गुरुजी बघतात. सात वर्षं ती उभी राहिली आणि मी बघितलं. पुढच्या शाळेत मान खाली घालून हजेरी घेतात, हे तिला सांगायला मी विसरलो. दोन-दोन वर्ग एकत्र बसवून शिकवलं, सगळे विषय एकाच वहीत लिहून घेतले, आणि आठ तासांना आठ शिक्षक येतात हेही सांगितलं नाही.

मंतशाने आपल्या दप्तरात राहून गेलेली सीमाची वही आणून दिली. एकाच वहीत सगळे विषय. इतिहासाची ओळ अर्ध्यावर सुटलेली, खाली विज्ञान सुरू. फळा पुसला गेला की लिहिणं तिथंच थांबलेलं.

जुलैत ती एकदा माझ्याकडे आली होती. "गुरुजी, तिथं सर लई आहेत. कोणाला विचारू?" म्हणाली होती. मी म्हटलं, "मोठी झालीस आता." हे मी म्हटलं, याची मला लाज वाटते.

धर्मेंद्रने तिथल्या तिथे लाल शाईने, शेवटच्या चार सोडून, बाकीच्या फुल्या दुरुस्त केल्या. "घी ये तिले. मी माफी मांगसू," तो म्हणाला. मनापासून म्हणाला.

मी मोटारसायकल थेट रेवजीच्या, तिच्या बापाच्या, दारात नेली. तो कुंपणाला काटे लावत होता. मी सगळं सांगितलं. तो काटे हातात धरून ऐकत राहिला.

"रोज गेली ती?"

"रोज."

"सकाळी पोट दुखते म्हणायची गुरुजी. मला वाटलं बहाणा करते. फोन आला, तर वाटलं जीपमधनं उतरते न् बाजारात फिरते. ती रडून सांगत होती, मी जाते म्हणून." त्याने काटे खाली ठेवले. "शाळा खोटं कशाला बोलेल? मी मारलं तिला. लई मारलं."

सीमा घरात नव्हती. आत्याबरोबर चार दिवसांपूर्वी सौराष्ट्रात, भुईमुगाच्या निंदणीला मजुरीवर गेली होती. रेवजीने आत्याचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

"सीमा, मी गुरुजी. सगळं समजलं. तुझी काही चूक नव्हती. सर माफी मागतात. परत ये, मी स्वतः तुझ्या वर्गात येऊन बसेन."

पलीकडे वारा आणि बायकांचं बोलणं. मग ती मी शिकवलेल्या, स्वच्छ मराठीत म्हणाली, "नको गुरुजी. इथे मला नावाने हाक मारतात."

तिला कुणीतरी बोलावलं. "आले," ती मोठ्याने म्हणाली आणि फोन ठेवून दिला.