साबणाचा फासा

आमच्या प्रशिक्षण केंद्रात मला सगळे नक्षीकार म्हणतात. टंकलेखन माझं काम, पण साधा हजेरीचा कागदही मी चौकट काढल्याशिवाय सोडत नाही. खोड म्हणा. त्या खोडीनेच त्या दिवशी मला अडचणीत आणलं.

सकाळी दहाला शिपाई मावशी माझ्या टेबलापाशी आल्या. लिपिकपदाच्या खात्यांतर्गत परीक्षेत त्या एका गुणाने राहिल्या होत्या. वयाच्या अटीमुळे ही त्यांची शेवटची संधी होती. उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत.

"नक्षीकारा, हे बघ जरा," म्हणत त्यांनी पिशवीतून कपडे धुवायच्या साबणाचा चौकोनी तुकडा काढला. पाच बाजूंवर पेनाने चिन्हं कोरलेली. "प्रश्न चाळीस. त्रिकोणाच्या समोर काय? मी चौकोन लिहिलं, तालिकेत बदाम आहे. रात्रभर फिरवतेय, बदाम काही येत नाही."

त्यांनी छापील पान उघडलं. दोन फासे शेजारी शेजारी, दोन्हींवर वर चांदणी. पहिल्याच्या पुढे गोल, उजव्या बाजूला त्रिकोण. दुसऱ्याच्या पुढे चौकोन, डाव्या बाजूला बदाम.

"चांदणी वरच ठेवायची," मावशी साबण वळवत म्हणाल्या. "दुसऱ्या फाशाचा बदाम पुढे आणला की चौकोन उजवीकडे जातो. म्हणजे गोलाच्या जागी बदाम, त्रिकोणाच्या जागी चौकोन. वरची चांदणी तीच आणि बाकी दोन्ही नवीन, म्हणजे फासा अर्धा फिरलाय. त्रिकोणाच्या पाठीमागे चौकोनच. चुकतंय का काही?"

काहीच चुकत नव्हतं. चुकलं होतं ते मला पान बघताच कळलं.

प्रश्नपत्रिका मीच टंकली होती. बुद्धिमत्ता चाचणीच्या सरांनी दिलेल्या कच्च्या आकृतीत दोन्ही फाशांची उजवी बाजू दिसत होती. दुसऱ्याचा बदाम उजव्या बाजूला होता. मला ते रांगेत उभ्या पोरांसारखं कंटाळवाणं वाटलं, म्हणून दुसरी आकृती मी आरशासारखी उलटवली. दोन्ही फासे समोरासमोर आले, पान कसं सजलं! अक्षरं असती तर उलटी दिसली असती. पण चांदणी, बदाम, चौकोन उलटवले तरी तसेच दिसतात. सरांनी मुद्रितावर सही ठोकली, कुणाच्या बापाला पत्ता लागला नाही. आणि उजवीकडचा बदाम डावीकडे गेला की उत्तरच बदलतं.

"सरांना दाखवा," एवढंच मी म्हणालो. लाज वाटली, पण म्हणालो. महिनाअखेरीला माझं कंत्राट नव्याने व्हायचं होतं आणि घरी बायकोचे दिवस भरत आले होते.

दुपारी मावशी परत आल्या. चेहरा उतरलेला. "सर म्हणाले, तुम्ही उलटं फिरवलंत. त्यांच्या वहीत बदामच आहे म्हणे. कागद हातात धरलाच नाही त्यांनी." मग हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं इथल्या कारकुनांचे पेले विसळले. मला वाटलं, एकदा टेबलाच्या पलीकडे बसावं."

मी संगणकाकडे वळलो. जेवणाचा डबा उघडलाही नाही. मूळ आकृती माझ्या संगणकात होती, मी बोललो नसतो तर कुणी शोधलीही नसती. चार वाजले. साडेचार वाजले. मावशी व्हरांड्यात बाकावर बसून साबण फिरवत होत्या आणि त्यांच्या बोटांवर पांढरा चुरा पडत होता.

पाचला दहा कमी असताना मी दोन्ही आकृत्या छापून काढल्या आणि परीक्षाप्रमुख बाईंच्या खोलीत शिरलो. सर तिथेच होते. मावशींनाही मी आत बोलावलं.

"बाई, सरांची आकृती ही आणि छापलेली ही. मी उलटवली. छापल्याप्रमाणे उत्तर चौकोनच येतं."

बाईंनी दोन्ही कागद खिडकीपाशी नेऊन पाहिले. सर पुढे झाले, मावशींच्या हातातला साबण घेऊन दोनदा फिरवला आणि परत त्यांच्या हातात दिला.

"कुणाच्या सांगण्यावरून उलटवली?" बाईंनी विचारलं.

"कुणाच्याच नाही. छान दिसत होती म्हणून."

"तुमच्या कंत्राटाचं मी आज काही बोलत नाही," म्हणत बाईंनी मावशींनी भरून आणलेल्या हरकतीच्या अर्जावर मान्य असं लिहिलं, वेळ घातली, सही केली. मावशींना गुण मिळाला. माझा जीव भांड्यात पडला. आता मावशी हसतील, पाठीवर थाप मारतील, असं मला वाटलं.

त्या बाहेर आल्या. माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"सकाळी तुझ्याच टेबलावर फिरवून दाखवला होता मी," त्या म्हणाल्या. "तेव्हाच कळलं होतं ना तुला?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि नळावर जाऊन त्याच साबणाने हात धुतले.