सपाट रस्त्यावर

केशवराव पाटोदेकर पडले ते स्वतः उभं राहून करून घेतलेल्या रस्त्यावर, उद्घाटनाच्या दिवशी, गळ्यात झेंडूचा हार असताना. उभ्या नोकरीत यांचं पाऊल कधी वाकडं पडलं नाही, असं निरोपसमारंभात त्यांच्या साहेबांनी माइकवरून सांगितलं होतं. ते पाऊल आता अख्ख्या सोसायटीसमोर असं वाकडं पडलं की हार एकीकडे गेला, चष्मा दुसरीकडे, आणि केशवराव मधोमध बसून घोटा धरून राहिले.

रस्ता म्हणजे काही महामार्ग नव्हता. सोसायटीच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंतचा सिमेंटचा पट्टा. पण निवृत्त शाखा अभियंत्याला हातात काम मिळालं की तो पट्ट्याचाही महामार्ग करतो. केशवरावांनी खडी स्वतः निवडली, काँक्रीटवर गोणपाट टाकून स्वतः पाणी मारलं आणि पातळी मोजायची पाणसळ घेऊन उकिडवं बसत बसत अख्खा रस्ता तपासला. मुंगीलासुद्धा चढ लागू नये, असा तो सपाट होता. शासनाच्या नोकरीत जसा रस्ता करायचं मनात राहून गेलं होतं, तसा हा झाला होता. त्याचा त्यांना फार अभिमान होता आणि तो ते लपवत नव्हते.

पंचाईत ही होती की रस्त्यांबद्दल केशवरावांनीच सोसायटीला एक सिद्धांत शिकवून ठेवला होता. दीड वर्षापूर्वी गंगापूरच्या लग्नाला जाताना एसटीतून उतरताना त्यांचा उजवा पाय पहिल्यांदा मुरगळला. घोटा चांगला नारळाएवढा सुजला. त्यांनी हळद-तुरटीचा लेप लावला, क्रेप बँडेज बांधलं, आणि सूज ओसरल्याबरोबर ‘बरा झाला’ असं जाहीर करून टाकलं. पुढे शहागंजात भाजीच्या गाडीजवळ मुरगळला, मग बँकेच्या पायरीवर, मग नुसतं चालता चालता. दर वेळी घरी आल्यावर ते भेटेल त्याला सांगत, ‘‘पायाला काही झालेलं नाही. रस्ते नीट असते तर माणसाचा पाय मुरगळलाच नसता.’’ या शहरात या वाक्यावर शंका घेणारा माणूस शोधून सापडला नसता.

आता तेच वाक्य सोसायटीच्या बैठकीत सेक्रेटरी बन्सी शेळके यांनी उचललं. बन्सीभाऊंचं खताचं दुकान होतं, मन मोकळं होतं, आणि पहिल्या दिवसापासून त्यांना सिमेंटऐवजी लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक हवे होते.

‘‘काका, राग मानू नका,’’ ते खुर्ची पुढं ओढून म्हणाले, ‘‘पण तुमीच म्हणत व्हते ना, रस्ता नीट आसला तर पाय मुरगळत नाय? मंग आता काय समजायचं आमी? फाटकापाशी रस्ता खाली-वर झालाय, दुसरं काय.’’

‘‘बन्सीभाऊ, पाणसळ लावून बघा!’’

‘‘पाणसळ कशाला? तुमचा पाय लई मोठी पाणसळ हाय.’’

लोक हसले. त्यांच्या हसण्यापेक्षा केशवरावांना वर्मी लागलं ते हे, की त्यांच्याच तर्कानं त्यांना तोंडघशी पाडलं होतं. बैठकीत ठरलं की रस्ता सदोष आहे, तो फोडून पेव्हर ब्लॉक बसवावेत. केशवरावांनी हातापाया पडून, एका पायाच्या जोरावरच, निर्णय तीन महिने पुढं ढकलून घेतला. तेवढ्या मुदतीत त्यांना सिद्ध करायचं होतं की रस्ता निर्दोष आहे आणि पाय गुन्हेगार आहे.

म्हणून जन्मात पहिल्यांदा ते स्वतःच्या पायाची तक्रार घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, हाड शाबूत होतं. मग एका हातानं नडगी धरून दुसऱ्या हातानं त्यांची टाच पुढं ओढली. डाव्या पायात ती अडली, उजव्या पायात सरकत राहिली.

‘‘घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे बंध, म्हणजे लिगामेंट, ढिले पडलेत,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘पहिल्यांदा मुरगळला तेव्हा नीट व्यायाम झाले नाहीत. आता पाय वळतोय ही खबर मेंदूला उशिरा पोचते, आणि सावरणारे स्नायू उशिरा जागे होतात. तोवर तुम्ही खाली. जुनी अस्थिरता आहे ही.’’

‘‘म्हणजे सपाट जमिनीवरही पडू शकतो मी?’’ केशवरावांचा चेहरा उजळला.

‘‘पडू शकता.’’

‘‘वा! मग ऑपरेशन करून टाका.’’ उघडून पाहिलेला बंध कोण नाकारेल, असा त्यांचा हिशेब होता.

डॉक्टरांनी पेशंट ऑपरेशनला घाबरलेले पाहिले होते, हरखलेला पहिल्यांदाच पाहत होते. ‘‘आधी निदान तीन महिने तोल सांभाळायचे व्यायाम. मनापासून. त्यानंतरही पाय दगा देत राहिला तर एमआरआय करू, आतली कूर्चा कशी आहे ते बघू आणि बंध घट्ट करायच्या ऑपरेशनचं बोलू. आणि ऑपरेशननंतरही हेच व्यायाम करायचेत, त्यातून सुटका नाही.’’

चिठ्ठी मिळाली. ती बन्सीभाऊंनी उलटसुलट करून बघितली आणि परत दिली. ‘‘कागदानं काय व्हतंय काका? तीन महिन्यांनी सगळ्यांम्होरं चालून दाखवा. पाय खराब आसला तर दिसंलच की.’’

झालं. रस्ता वाचायचा असेल तर पाय खराबच राहायला हवा होता. केशवराव फिजिओथेरपिस्ट प्रेरणाकडं नियमानं जाऊ लागले आणि घरी नियमानं काहीच करेनासे झाले. सोयगावहून शिकायला आलेली ती मुलगी शहरातच स्थिरावली होती. तिनं त्यांना भिंतीजवळ एका पायावर उभं केलं, मग घडी केलेल्या घोंगडीवर, मग डोळे मिटून. रबरी पट्टा तळपायाला अडकवून पाऊल बाहेरच्या अंगाला ओढायला शिकवलं. बाहेर चालताना घोट्याला पट्ट्यांचा आधार बांधायला दिला. पंधरवड्यानंतर तिनं पुन्हा तपासलं आणि ती हातातलं घड्याळ बघत राहिली.

‘‘काका, तुम्ही घरी करत नाही.’’

‘‘करतो की.’’

‘‘करणारा माणूस डोळे मिटल्याबरोबर माझ्या अंगावर येत नाही.’’

केशवरावांनी विषय बदलला. आपण एका थोर कारणासाठी लंगडतो आहोत, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

ते थोर कारण एका सकाळी घरातच, हॉलच्या चकचकीत फरशीवर कोसळलं. त्यांच्या पत्नी उमाताई चहाचे रिकामे कप घेऊन स्वयंपाकघराकडं निघाल्या होत्या. केशवराव उठले, वळले, पाय आतल्या बाजूला दुमडला आणि त्यांनी हाताला लागला तो आधार धरला. तो आधार उमाताईंचा खांदा होता. दोघंही खाली आली. केशवरावांना खरचटलंसुद्धा नाही. उमाताईंचं उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर घालून रिक्षातून दोघं परत आली. फाटकातून आत शिरल्यावर उमाताई म्हणाल्या, ‘‘अहो, आपल्या हॉलमधला रस्ता कुणी केला होता हो?’’

 केशवरावांना स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. सिमेंटच्या पट्ट्यासाठी बायकोचा हात मोडणारा माणूस, हे स्वतःबद्दलचं नवं ज्ञान त्यांना झोपू देईना.

दुसऱ्या दिवसापासून ते खऱ्याखुऱ्या अर्थानं एका पायावर उभे राहिले. दात घासताना, दूध तापेपर्यंत, बाल्कनीत उशीवर. उमाताई सोफ्यावर बसून डाव्या हातानं चेंडू टाकायच्या आणि ते एका पायावर तो झेलायचे. चेंडू सुटला की त्या हसायच्या, आणि त्या हसल्या की केशवरावांना थोडं बरं वाटायचं. समोरच्या इमारतीतल्या आवडाबाईंनी रोज पहाटे बगळ्यासारखे उभे असलेले केशवराव पाहिले आणि त्यांनी रस्त्यासाठी अनुष्ठान मांडल्याची बातमी मजल्यामजल्यावर पोचवली. उमाताईंचं प्लास्टर निघालं. केशवराव जिने चढू लागले, पावलं मागं टाकून चालू लागले, प्रेरणाच्या हलत्या फळीवर उभं राहून तिच्याशी गप्पा मारू लागले.

डॉक्टरांनी मुदत संपल्यावर पुन्हा टाच ओढून पाहिली. ‘‘बंध थोडा ढिलाच आहे. पण पाय सावरायला शिकलाय. दगा देत नाही ना? मग ऑपरेशनची गरज नाही. व्यायाम मात्र सोडू नका.’’

एरवी पेढे वाटण्यासारखी बातमी. केशवरावांनी ती उतरल्या चेहऱ्यानं ऐकली.

बैठकीच्या संध्याकाळी सगळी सोसायटी फाटकाशी जमली. केशवराव टाकीकडून चालत निघाले. पाऊल ठाम पडत होतं. फाटकाजवळची ती जागा आली आणि त्यांच्या मनात पाप आलं. एकदा मुरगळल्यासारखं करावं. एकदाच. कुणाचं नुकसान नाही, रस्ता वाचेल. साठ वर्षांत खोटं प्रमाणपत्र न दिलेल्या त्या माणसानं ठरवलं, आज द्यायचं. त्यांनी उजवं पाऊल बाहेरच्या कडेवर टाकलं आणि अंग सोडून दिलं.

पण पायानं ऐकलं नाही. ठरवल्याचं पोटरीला कळायच्या आत घोटा सरळ झाला, गुडघा किंचित वाकला, आणि केशवराव पडण्याऐवजी जास्तच ताठ उभे राहिले. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पाय पुन्हा सावरला. बघणाऱ्यांना वाटलं काका नाचतायत.

‘‘बघा!’’ बन्सीभाऊ आनंदानं ओरडले. ‘‘पाय तर ठणठणीत हाय काकाचा! मंग तवा कोनी पाडलं? रस्त्यानंच ना!’’

उमाताई पुढं होऊन म्हणाल्या, ‘‘अहो बन्सीभाऊ, तेव्हा पाय आजारी होता, आता बरा झालाय.’’ पण पाय बरा होणं ही इतकी साधी गोष्ट होती की ती कुणाला पटेना. ठराव बहुमतानं मंजूर झाला.

तीन दिवसांनी काँक्रीट फोडायचा ब्रेकर आला आणि सकाळभर नुसताच किंचाळला. मजूर घाम पुसत म्हणाला, ‘‘साहेब, हे कोनी केलं हो? लई रस्ते फोडले, आसा चिवट नाय बघितला.’’ केशवराव मागं उभे होते. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी दडवलं नाही. आपल्या रस्त्याला मिळालेलं ते पहिलं आणि शेवटचं प्रमाणपत्र होतं.

संध्याकाळपर्यंत फाटकापाशी ढेकळं, खड्डे आणि उघड्या सळया उरल्या. पेव्हर ब्लॉकचा ट्रक दुसऱ्या दिवशी यायचा होता. बन्सीभाऊ काम बघायला घाईघाईनं त्या ढिगाऱ्यावर चढले, एक ढेकूळ पायाखाली फिरलं आणि ते ‘आई गं’ म्हणत आडवे झाले. केशवराव तसेच ढिगाऱ्यावर चढले. डावा पाय टेकायला जागा नव्हती. एका उजव्या पायावर उभं राहून, उमाताईंना ‘तू लांब राहा’ असं ओरडून सांगत, त्यांनी सेक्रेटरीसाहेबांना बगलेत धरून उचललं. पाय जागचा हलला नाही.

कट्ट्यावर बसवेपर्यंत बन्सीभाऊंचा घोटा टरारून सुजला होता. ‘‘पायाला काय झालं नाय काका,’’ ते कण्हत म्हणाले. ‘‘हळद लावली की बरा व्हतो. सगळा दोष ह्या रस्त्याचा हाय.’’

केशवरावांनी एकदा त्यांच्या घोट्याकडं बघितलं, एकदा ढिगाऱ्याकडं. त्यांना फार मनापासून ‘नाही’ म्हणायचं होतं. पण अभियंता म्हणून त्यांना खोटं बोलता येईना.

‘‘हो बन्सीभाऊ,’’ ते म्हणाले, ‘‘या वेळी दोष रस्त्याचाच आहे.’’