एसीच्या बिलाची सहपत्रं

आमच्या एसी दुरुस्तीच्या दुकानाचं बिल रांचीतल्या त्या सरकारी खात्याने दोनदा परत केलं होतं. म्हणून या वेळी मेलमध्ये सगळी सहपत्रं ओळीने लिहिली: बिल, कामाचा आदेश, काम पूर्ण झाल्याचा दाखला, जीएसटी नोंदणी, रद्द केलेला धनादेश. पाठवलं आणि नखं कुरतडत बसले.

संध्याकाळी खात्याच्या देखभाल शाखेतल्या महतोबाबूंचा फोन आला.

"तिर्की मॅडम, बिल परत करतोय. काम पाच तारखेला पूर्ण आणि आदेश अकराचा? आदेशाआधी काम झालं कसं?"

माझं डोकंच फिरलं. "मंत्री येतायत, सभागृहाचा एसी आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा, असं फोनवर कोण ओरडत होतं? तुम्हीच ना?"

"हो, पण फोनचा कागद कुठाय?" ते म्हणाले. "बरं, ते राहू द्या. एसी पुन्हा बंद पडलाय. उद्या सचिव येतायत, माणूस पाठवा."

"पाठवते की! आधी सहीचा आदेश मेल करा."

"साहेब रजेवर आहेत हो. तुम्ही काम करून टाका, आदेश मागाहून देतो."